कीर्तनाचा आवाज हळू, डीजेचं गाणं मोठं: यूट्यूब आवाजाचं नेमकं काय करतं

प्रश्न: रामकृष्ण हरी. आमच्या गावच्या सप्ताहातली कीर्तनं मी यूट्यूबवर टाकतो. एडिटिंगमध्ये ऑडिओ नॉर्मलाइज करूनच अपलोड करतो, मीटर पार वरच्या टोकाला लागतो. तरी लोक म्हणतात महाराजांचा आवाज ऐकूच येत नाही, आणि त्यामागून एखादं डीजेचं गाणं लागलं की कानठळ्या बसतात. यूट्यूब सगळ्यांचा आवाज सारखा करतं ना? मग हे असं का? आमच्याच भजनी मंडळाचा अभंगांचा अल्बम स्पॉटिफायवर आहे, तिथे एवढा फरक जाणवत नाही. एक कीर्तनाची फाइल पाठवतोय, बघून सांगा.

उत्तर: रामकृष्ण हरी. यूट्यूब आवाज सारखा करतं हे निम्मंच खरं आहे. जे मोठं आहे ते यूट्यूब खाली आणतं, पण जे हळू आहे ते वर उचलत नाही. तुमचं कीर्तन आधीच इतकं खाली आहे की यूट्यूब त्याला हातच लावत नाही. डीजेचं गाणं भरपूर खाली आणूनसुद्धा ते तुमच्यापेक्षा कितीतरी वर राहतं. आणि एडिटरमध्ये तुम्ही जे नॉर्मलाइज केलंत त्याचा ऐकू येणाऱ्या आवाजाशी फारसा संबंध नाही. ते का, हे पुढे सांगतो.

आधी हे तुमच्या डोळ्यांनी बघा. कॉम्प्युटरवर तुमचा व्हिडिओ लावा, चित्रावर राइट क्लिक करा आणि `Stats for nerds` निवडा. जी काळी चौकट उघडेल तिच्यात `Volume / Normalized` अशी एक ओळ असते. तुमच्या कीर्तनावर ती साधारण अशी दिसेल:

```
Volume / Normalized   100% / 100% (content loudness -9.5dB)
```

पहिले १०० टक्के म्हणजे प्लेअरच्या आवाजाची पट्टी तुम्ही कुठे ठेवली आहे ते. दुसरे १०० टक्के म्हणजे यूट्यूबने स्वतःहून कमी करून आवाज किती ठेवला ते. १०० म्हणजे काहीच कमी केला नाही. कंसातला आकडा सांगतो की तुमचा व्हिडिओ यूट्यूबच्या ठरावीक पातळीपेक्षा किती वर किंवा खाली आहे. इथे तो साडेनऊ डीबी खाली आहे. आता ते डीजेचं गाणं लावून हीच ओळ बघा. तिथे `100% / 45% (content loudness 7.0dB)` असं काहीतरी असेल. गाणं पातळीच्या सात डीबी वर होतं म्हणून यूट्यूबने ते ४५ टक्क्यांवर आणलं. ते पातळीवर आलं, तुम्ही साडेनऊ डीबी खालीच राहिलात.

ही पातळी मोजून पाहिली तर −१४ एलयूएफएसच्या आसपास येते. एलयूएफएस हे आवाज कानाला किती मोठा वाटतो ते मोजायचं एकक आहे. शून्य म्हणजे डिजिटल फाइलची कमाल मर्यादा, त्यामुळे आकडे जवळजवळ नेहमी उणे असतात आणि शून्याच्या जितके जवळ तितका आवाज मोठा. एका एककाचा फरक म्हणजे एका डीबीचा फरक.

आता तुमच्या नॉर्मलाइजबद्दल. बहुतेक एडिटरमध्ये हे बटण दाबलं की सॉफ्टवेअर अख्ख्या फाइलमधला सगळ्यात उंच क्षण शोधतं आणि तो शून्याच्या जवळ येईल एवढीच सगळी फाइल उचलतं. प्रीमिअरमध्ये याचं नावच `Normalize Max Peak to` असं आहे. ऑडॅसिटीमध्ये `Normalize` वेगळं आणि `Loudness Normalization` वेगळं. लोक पहिलं वापरतात आणि दुसरं केलं असं समजतात. कीर्तनात सगळ्यात उंच क्षण कुठला असतो? महाराजांचा शब्द नव्हे. गजर टिपेला पोचल्यावर वीस-पंचवीस टाळ एकदम पडतात तो, किंवा पखवाजाची उघडी थाप. ते टोक काही हजारांश सेकंद टिकतं, कानाला त्याचा मोठेपणा धड जाणवतही नाही, पण मीटर त्याच्यापाशीच टेकतो आणि बाकी सगळं त्याच्या मागे खाली राहतं. मंडपाची उंची दिंडीतल्या पताकेवरून ठरावी आणि माणसांची डोकी छतापासून दहा फूट खाली असावीत, तसं हे आहे. तुमच्या फाइलमध्ये सर्वोच्च टोक −०.४ डीबीवर आहे, म्हणजे वर जागा अजिबात उरलेली नाही. आणि तरी अख्ख्या फाइलची लाउडनेस −२३.५ आहे.

हा −२३.५ कसा येतो ते समजून घ्या, कारण तुमच्या तक्रारीचं मूळ तिथेच आहे. मोजायची पद्धत आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००६ मध्ये ठरवली. तिचं नाव `ITU-R BS.1770`. नंतर तिच्यात सुधारणा होत गेल्या, पण सांगाडा तोच आहे. आधी आवाज एका फिल्टरमधून जातो. तो अगदी खालचा घुमार थोडा कमी करतो आणि दोन हजार हर्ट्‌झच्या वरचा भाग सुमारे चार डीबीने वाढवतो, कारण माणसाच्या डोक्याच्या आकारामुळे तो भाग कानाला जास्त तीव्र लागतो. मग फाइलचे ४०० मिलिसेकंदांचे, एकमेकांवर चढलेले तुकडे केले जातात आणि प्रत्येकातली ऊर्जा मोजली जाते. जे तुकडे जवळपास शांत आहेत ते सोडून दिले जातात. उरलेल्यांची सरासरी काढून तिच्याखाली दहा डीबीवर एक रेघ मारली जाते, आणि त्या रेघेखालचे तुकडेही वगळून पुन्हा सरासरी काढली जाते. त्यामुळे दोन वाक्यांमधले थांबे, महाराज पाणी पितात तो वेळ, असल्या गोष्टी हिशेबात येत नाहीत. हे चांगलंच आहे.

कीर्तनाला गोत्यात आणणारी गोष्ट वेगळी आहे. ही सरासरी डीबींची नसते, ऊर्जेची असते, आणि ऊर्जेच्या हिशेबात मोठा आवाज फार वजनदार ठरतो. तुमच्या एक तासाच्या फाइलमध्ये गजर आणि अभंगाच्या चाली मिळून सुमारे १२ मिनिटं आहेत आणि त्यांची पातळी −१८ च्या आसपास आहे. उरलेली ४८ मिनिटं निरूपण, तेही −२८ च्या आसपास. दोन्हींत दहा डीबीचा फरक, म्हणजे गजराच्या एका मिनिटात निरूपणाच्या दहा मिनिटांएवढी ऊर्जा. गजराची १२ मिनिटं म्हणजे १२० वाटे, निरूपणाची ४८ मिनिटं म्हणजे ४८ वाटे. एकूण १६८ वाट्यांतले १२० गजराचे, म्हणजे सत्तर टक्क्यांहून जास्त. वेळेने पाचवा हिस्सा असलेला गजर तुमच्या आकड्याचा मालक होऊन बसतो. त्यात टाळांचा बहुतेक आवाज वरच्या पट्टीतला, म्हणजे फिल्टरने आणखी वजन दिलेला.

म्हणून लोक जे ऐकतात ते −२३.५ नाहीच. ते महाराजांना ऐकायला आलेत आणि महाराज −२८ वर बोलताहेत. डीजेचं गाणं −१४ वर वाजतंय. फरक १४ डीबीचा झाला. ढोबळ हिशेब असा की दहा डीबी वाढले की आवाज कानाला दुप्पट वाटतो. मग १४ म्हणजे अडीच पटीहून जास्त. माणूस निरूपण ऐकू यावं म्हणून फोनचा आवाज पूर्ण वाढवतो आणि पुढचं गाणं आपोआप सुरू झालं की दचकतो. तुमच्या श्रोत्यांची तक्रार अगदी बरोबर आहे.

तुमच्या फाइलमध्ये आणखी एक गोष्ट सापडली. पहिली दहा मिनिटं आवाज फक्त डाव्या बाजूला आहे, नंतर कोणीतरी केबल नीट केलेली दिसते. मिक्सरची एकच वायर रेकॉर्डरच्या एका चॅनेलमध्ये गेली की असं होतं. तोच आवाज दोन्हीकडे असता तर त्या भागाची लाउडनेस तीन डीबी जास्त भरली असती, म्हणजे इथे उगाच तीन डीबी गेले. हेडफोन लावून एका कानात ऐकू येतंय का एवढं तपासलं की कळतं. अशा वेळी तो चॅनेल दुसरीकडेही कॉपी करा.

डीजेचं गाणं मुळात इतकं वर का असतं, तर ते दाबून दाबून भरलेलं असतं. लिमिटर नावाच्या उपकरणाने ढोलाची, किकची टोकं छाटायची, मग मोकळ्या झालेल्या जागेत सगळं गाणं वर उचलायचं, पुन्हा छाटायचं. सीडीच्या काळात ही चढाओढ जगभर चालली, कारण शेजारच्या गाण्यापेक्षा आपलं मोठं वाजलं तर लोकांना ते जास्त चांगलं वाटतं. आज यूट्यूबवर त्याचा काही उपयोग नाही. −७ वर भरलेलं गाणं सात डीबी खाली येतं, आणि −१४ वर मोकळेपणाने ठेवलेलं गाणं त्याच्याच बरोबरीने वाजतं, वर त्याच्या ढोलाला अजून दम असतो. तरीही निर्माते मोठंच गाणं मागतात. स्टुडिओत बसून शेजारच्या गाण्याशी तुलना करताना मध्ये यूट्यूब नसतं ना! मंडपातल्या डीजेच्या पेनड्राइव्हवरही नसतं. तिथे फाइल जशी आहे तशी वाजते, आणि ही सवय मला तरी इतक्यात सुटेलसं वाटत नाही.

स्पॉटिफायचं गणित वेगळं आहे म्हणून तुम्हाला तिथे फरक कमी जाणवतो. तिथेही नेहमीची पातळी −१४ आहे, पण स्पॉटिफाय हळू गाणी वरही उचलतं. मात्र टोकाला डोकं लागणार नाही इतपतच. वर एक डीबी जागा राखून. समजा एखादा अभंग −२० वर आहे आणि त्याचं सर्वोच्च टोक −५ वर आहे. −१४ गाठायला सहा डीबी हवेत, पण चार डीबी उचलल्यावरच टोक −१ ला पोचतं, म्हणून अभंग −१६ वर थांबतो. तुमच्या मंडळाचा अल्बम स्टुडिओत झालेला असणार, टाळ वेगळ्या माइकवर, आवाज वेगळ्या माइकवर, त्यामुळे त्याला वर यायला जागा मिळाली. हेच कीर्तन, टोक −०.४ वर असलेलं, स्पॉटिफायलाही उचलता आलं नसतं. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये ऐकणारा स्वतः पातळी निवडू शकतो: मोठी निवडली तर −११, शांत निवडली तर −१९. शिवाय अल्बम ओळीने लावला तर सगळ्या गाण्यांना एकच बदल लागू होतो, म्हणजे हळुवार अभंग गजरापेक्षा हळूच राहतो. ते योग्यच आहे, गाणाऱ्याने तसं ठरवलेलं असतं. तीच गाणी इतरांच्या प्लेलिस्टमध्ये मिसळली की प्रत्येक वेगळं मोजलं जातं. वेब ब्राउझरमधला स्पॉटिफायचा प्लेअर मात्र हे काही करत नाही, तिथे ऐकून निष्कर्ष काढू नका. अ‍ॅपल म्युझिकमध्ये `Sound Check` चालू असेल तर पातळी −१६ च्या जवळ असते.

आता उपाय. पुन्हा नॉर्मलाइज दाबून काही होणार नाही, कारण वर जागाच नाही. निरूपण आणि गजर यांच्यातलं अंतर कमी करायचं आणि मग टाळांची टोकं सांभाळत सगळं वर आणायचं, हाच मार्ग.

पहिलं काम हाताने करायचं. टाइमलाइनवर गजर आणि चालींचे तुकडे निरूपणापासून कापून वेगळे करा. तासाभराच्या कीर्तनात असे फार तर पंधरा-वीस काप पडतात. निरूपणाच्या तुकड्यांना ८ डीबी वाढवा, गजराला हात लावू नका. सांध्यावर अर्ध्या-एक सेकंदाचा क्रॉसफेड द्या, नाहीतर मंडपाचा आवाज एकदम उडी मारेल. महाराज निरूपणातच अर्धी ओळ गाऊन टाळकऱ्यांकडे सोपवतात, तिथे जरा लक्ष ठेवा. पहिला टाळ पडायच्या आधी वाढवलेली पातळी परत खाली यायला हवी. आपोआप करणारी साधनं नेमकी इथेच चुकतात, म्हणून हे हाताने करा म्हणतो.

निरूपण वाढवलं की त्याच्यामागचा जनरेटर आणि पंख्यांचा घरघराटही आठ डीबी वाढतो. त्यासाठी १०० हर्ट्‌झच्या खालचं कापणारा हाय-पास फिल्टर लावा. पुरुषाच्या आवाजाचं फार काही जात नाही आणि जनरेटरचा बराच पाया निघून जातो. कीर्तनकार महिला असतील तर १२० पर्यंत न्यायला हरकत नाही. नॉइज रिडक्शन जपूनच वापरा. जास्त झालं की शब्दांच्या शेवटी पाण्यातून बोलल्यासारखा बुडबुडा येतो, आणि तो जनरेटरपेक्षा जास्त खुपतो.

मग निरूपणावर कॉम्प्रेसर. महाराज एक वाक्य कुजबुजतात आणि पुढचं गर्जना करून टाकतात, त्यातली दरी थोडी भरायची. रेशो ३:१, अटॅक १० ते १५ मिलिसेकंद, रिलीज दीडशेच्या आसपास, आणि गर्जनेच्या जागी मीटर चार ते सहा डीबी कपात दाखवेल असा थ्रेशोल्ड. त्याहून जास्त दाबलं तर कीर्तनातला चढउतारच मरतो, मग बातम्या वाचल्यासारखं वाटतं. कॉम्प्रेसरने जेवढी पातळी खाली आली तेवढी मेकअप गेनने परत द्या, म्हणजे निरूपण −२० च्या आसपास टिकेल.

आता हिशेब करून बघू. निरूपण −२८ वरून −२० वर आलं, गजर −१८ वरच आहे. दोन्ही मिळून फाइल भरते साधारण −१९.५. −१४ गाठायचं तर अजून साडेपाच डीबी उचलावे लागतील, आणि −०.४ वरची टाळांची टोकं शून्याच्या पाच डीबी वर जातील. ती −१ वर आणायला लिमिटरला सहा डीबी छाटावे लागतील. एवढं छाटलं की टाळांची किणकिण जाऊन चरचर उरते आणि पखवाजाची थाप पुठ्ठ्यावर मारल्यासारखी वाटते. म्हणून मी −१६ वर थांबेन. त्याला साडेतीन डीबी पुरतात, लिमिटर जास्तीत जास्त चार डीबी छाटतो, तेही फक्त टिपेच्या गजरात. निरूपण −१६.५ वर येतं, गजर −१४.५ वर. डीजेच्या गाण्याशी असलेलं १४ डीबीचं अंतर अडीचवर आलं, आणि अडीच डीबीसाठी कोणी फोनचं बटण दाबत नाही.

लिमिटरची मर्यादा −१ ठेवा आणि त्यात ट्रू पीक असा पर्याय असेल तर तो चालू करा. यूट्यूब तुमचा ऑडिओ पुन्हा दाबून साठवतं, आणि त्या प्रक्रियेत टोकं मूळ फाइलपेक्षा थोडी वर सरकतात. शून्याला चिकटून ठेवलेली फाइल तिथे फाटते. ऑडॅसिटीचं `Loudness Normalization` वापरणार असाल तर लक्षात घ्या की ते फक्त पातळी बदलतं. टोकं शून्याच्या वर गेली तरी ते अडवत नाही, त्यामुळे त्याच्यानंतर लिमिटर लावायलाच हवा.

शेवटी मोजा. डाविंची रिझॉल्व्हमध्ये फेअरलाइटच्या पानावर लाउडनेस मीटर आहे, यूलीनचा फुकट मीटरही चांगला आहे. कमांड लाइनची सवय असेल तर एफएफएमपेगची ही एक ओळ पुरते:

```
ffmpeg -i kirtan.wav -af ebur128=peak=true -f null -
```

सगळी फाइल वाचून झाली की खाली `Summary` येते. त्यात `I` समोर अख्ख्या फाइलची लाउडनेस, `Peak` समोर सर्वोच्च टोक आणि `LRA` समोर हळू आणि मोठ्या भागांतलं अंतर दिसतं. `I` हा −१६ च्या आगेमागे आणि `Peak` −१ च्या खाली असला की झालं. निरूपणाचा पाच मिनिटांचा तुकडा वेगळा काढून तोही मोजा. मला विचाराल तर तुमच्यासाठी तोच आकडा जास्त महत्त्वाचा आहे.

एफएफएमपेगचाच `loudnorm` फिल्टर एका ओळीत सगळं करून देतो असं कोणी सांगेल. मुलाखतीला तो चालतो, कीर्तनाला नाही. एका ओळीत चालवला की तो एकसारखी पातळी उचलत नाही, आवाज सतत वरखाली करत राहतो; आधी मोजून दुसऱ्यांदा चालवला तरी टोकांना डोकं लागत असेल तर हेच होतं. त्याच्या अहवालात तेव्हा `"normalization_type" : "dynamic"` असं येतं. ऐकून ओळखायचं तर महाराज थांबतात तिथे कान द्या: दोन-तीन सेकंदांत मंडपाचा गोंगाट फुगत वर येतो आणि पुढचा शब्द आला की दबतो. ते एकदा लक्षात आलं की मग सहन होत नाही.

पुढच्या सप्ताहात रेकॉर्डिंगच वेगळं करता आलं तर निम्मं काम वाचेल. साऊंडवाल्याकडून मुख्य आउटपुट घेऊ नका. मंडपात टाळ-पखवाज मुळातच मोठे ऐकू येतात, त्यामुळे तो मिक्सरमध्ये कोणाला किती ठेवतो ते मंडपापुरतं बरोबर असतं, रेकॉर्डिंगला नाही. त्याच्या मिक्सरवर बहुधा रिकामा ऑक्स, म्हणजे हवा तोच माइक वेगळा बाहेर काढायचं आउटपुट, असतो. त्यातून फक्त महाराजांचा माइक रेकॉर्डरच्या एका चॅनेलला घ्या आणि मंडपात दूर लावलेला माइक दुसऱ्या चॅनेलला. पुढे एडिटिंगमध्ये दोन्ही मधोमध आणून हवे तसे मिसळा. महाराजांच्या माइकमध्ये मागच्या टाळकऱ्यांचा आवाज घुसणारच, पण तो आत्तापेक्षा बराच खाली असेल. रेकॉर्ड करताना टाळांची टोकं −६ च्या वर जाऊ देऊ नका. हळू रेकॉर्ड झालेलं नंतर वर आणता येतं. फाटलेलं दुरुस्त होत नाही.

काही गोष्टी तुमच्या हातात नाहीत. तुमच्या व्हिडिओआधी लागणाऱ्या जाहिरातीचा आवाज तुम्हाला बदलता येत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या क्लिपला कोणी मोजतच नाही, ती आहे तशी वाजते. यूट्यूबच्या प्लेअरमध्ये `Stable volume` म्हणून पर्याय आहे, तो एकाच व्हिडिओतलं हळू-मोठं अंतर कमी करतो, पण तो ऐकणाऱ्याच्या बाजूला आहे आणि त्याच्या भरवशावर राहू नये. आणि आकडा सारखा असला म्हणजे कानाला सगळं सारखंच वाटेल असंही नाही. खर्जाने भरलेलं गाणं मोठ्या स्पीकरवर भिंती हलवतं. तेच फोनच्या छोट्या स्पीकरवर दुबळं वाटतं, कारण ज्या खर्जाने त्याचा आकडा भरला तो तिथे वाजतच नाही. म्हणून शेवटचं तपासणं साध्या फोनच्या स्पीकरवरच करा, तुमचे बहुतेक श्रोते तिथेच ऐकतात.

जुन्या व्हिडिओंचं म्हणाल तर यूट्यूबवर चढलेल्या व्हिडिओचा ऑडिओ काढून आपली सुधारलेली फाइल घालता येत नाही, पुन्हा अपलोड करावं लागतं आणि व्ह्यूज, कमेंट नव्याने सुरू होतात. सगळे करत बसू नका. ज्या दोन-चार कीर्तनांना लोक अजून ऐकतात तेवढीच घ्या. नवी फाइल आधी अनलिस्टेड टाका, प्रक्रिया पूर्ण होऊ द्या, मग `content loudness` बघा. −२ च्या जवळपास आलं तर पब्लिक करा. −५ च्या खाली गेलं तर बहुधा निरूपणाचे तुकडे उचलायचे राहिलेत किंवा एखादा मोठा भाग पुन्हा एकाच चॅनेलमध्ये आहे. त्या दोन जागा तपासा, आणि तरी जमलं नाही तर तो प्रोजेक्ट मला पाठवा.